टेस्टरवर २५१० एमएएच, पंपावर १४८०: सी-रेट आणि सेलमध्ये अडकून राहिलेली क्षमता

एक तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते आणि तिचे शब्दही जवळजवळ तेच असतात. पॅक नवाच आहे, टेस्टरवर लावला तर लेबलवरचा आकडा बऱ्यापैकी भरतो, पण उपकरणाला जोडला की अर्ध्या वेळात बसतो. मग कुणी सेल नकली ठरवतं, कुणी टेस्टरवरचा विश्वास काढून घेतं. मी असे बरेच पॅक उघडून मोजले आहेत. त्यांतल्या अनेकांत सेलही खरे निघाले आणि टेस्टरही. टेस्टरने क्षमता अर्ध्या ॲम्पिअरवर मोजली होती आणि उपकरण पाच ॲम्पिअर ओढत होतं. एकाच सेलला हे दोन वेगळे प्रश्न विचारले की उत्तरंही दोन येतात.

अलीकडचाच एक पॅक घेऊन सगळं सांगतो, कारण त्यात हा गोंधळ अगदी स्वच्छ दिसला. १२ व्होल्टचा एक छोटा डायफ्राम पंप आणि त्याला जोडलेला तीन सेलचा पॅक. १८६५० आकाराचे, २६०० एमएएचचे तीन लिथियम-आयन सेल एकामागे एक, म्हणजे ३एस१पी. पंप साधारण ५ ॲम्पिअर घेतो. पंपाच्या कंट्रोलरमध्ये कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला पंप बंद होतो तो आकडा, ९.६ व्होल्टला ठेवलेला, म्हणजे सेलमागे ३.२ व्होल्ट. मालकाचा हिशोब सरळ होता: २.६ भागिले ५, म्हणजे ३१ मिनिटं. प्रत्यक्षात पंप अठराव्या मिनिटाला थांबत होता. पॅक टेस्टरवर लावला तर अर्ध्या ॲम्पिअरला २५१० एमएएच देत होता.

आधी सी-रेट म्हणजे काय ते

सेलची जेवढी क्षमता ॲम्पिअर-तासांत लिहिलेली असते, तेवढ्याच ॲम्पिअरचा करंट म्हणजे १सी. २६०० एमएएचच्या सेलसाठी १सी म्हणजे २.६ ॲम्पिअर, ०.२सी म्हणजे ०.५२ ॲम्पिअर आणि २सी म्हणजे ५.२ ॲम्पिअर. ५ ॲम्पिअर हा करंट मोठा की लहान हे त्यामुळे नुसत्या ॲम्पिअरवरून कळत नाही. शंभर ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला तो जाणवतही नाही, आणि या पॅकमधल्या सेलवर तो १.९सी होऊन बसतो. सी-रेट सांगतो तो करंटचा सेलच्या आकाराशी असलेला संबंध.

पॅकमध्ये हिशोब करताना एक चूक फार होते. एकामागे एक जोडलेल्या सेलमधून सगळा करंट प्रत्येकातून जातो, त्यामुळे तीन सेल आहेत म्हणून करंट तिघांत वाटला जात नाही. वाटला जातो तो समांतर जोडलेल्या सेलमध्ये. ३एस१पी मध्ये प्रत्येक सेल पूर्ण ५ ॲम्पिअर सोसतो, ३एस२पी मध्ये अडीच.

आता लेबल. लिथियम-आयन सेलची छापील क्षमता साधारणपणे ०.२सी ला मोजलेली असते, म्हणजे सेल पाच तास सावकाश रिकामा करत, आणि तोही उत्पादकाने ठरवलेल्या शेवटच्या व्होल्टेजपर्यंत. तापमान २५ अंशांच्या आसपास. काही डेटाशीटमध्ये हाच करंट ०.२ आयटी असा लिहिलेला दिसतो. अर्थ तोच, फक्त क्षमता आणि करंट यांच्या एककांची सरमिसळ होऊ नये म्हणून मानकांत ती खूण आली. म्हणजे ‘२६०० एमएएच’ या आकड्यामागे तीन अटी आहेत: किती करंटने, कुठल्या व्होल्टेजपर्यंत आणि किती तापमानाला. या पंपाने पहिल्या दोन अटी मोडल्या होत्या. करंट जवळजवळ दहापट, आणि कटऑफ डेटाशीटमधल्या २.७५ व्होल्टऐवजी ३.२.

उरलेले हजार एमएएच गेले कुठे

ते कुठेही गेले नाहीत, सेलमध्येच राहिले. हे आधी डोक्यात बसलं की पुढचा तपास सोपा होतो.

सेलला आतून रोध असतो. करंट वाहायला लागला की त्या रोधावर काही व्होल्ट पडतात आणि बाहेर तेवढे कमी दिसतात. सेलचा रोध ८० मिलिओहम असेल तर अर्ध्या ॲम्पिअरला ०.०४ व्होल्टची घट पडते, जी कुणाच्या लक्षातही येत नाही. ५ ॲम्पिअरला तीच घट ०.४ व्होल्ट होते. कंट्रोलरला सेलच्या आत किती चार्ज उरला आहे हे दिसत नाही, त्याला फक्त बाहेरचं व्होल्टेज दिसतं. सेल आतून ३.७ व्होल्टवर असताना बाहेर ३.३ दिसतात, वायर आणि जोडांवर अजून थोडं पडतं, आणि कंट्रोलर ३.२ समजून पंप बंद करतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाचा सेल विनाभार ३.७ व्होल्टच्या आसपास असतो तेव्हा त्यात अजून साधारण ४० टक्के चार्ज शिल्लक असतो. हेच ते हरवलेले हजार.

रोधाची गोष्ट इथे संपत नाही. करंट सुरू होताच जी घट पडते ती धातू, इलेक्ट्रोलाइट आणि जोडांची. त्यानंतर मिनिटामिनिटाने वाढत जाणारी दुसरी घट असते, आणि ती येते लिथियमच्या आयनांना इलेक्ट्रोडच्या कणांच्या आत सरकायला लागणाऱ्या वेळामुळे. सावकाश उपसा केला तर कणाचा पृष्ठभाग आणि गाभा बरोबरीने चालतात. जोरात उपसा केला की पृष्ठभाग आपली मर्यादा आधी गाठतो आणि गाभ्यात जागा शिल्लकच राहते. बाहेरचं व्होल्टेज पृष्ठभागाकडे बघून ठरतं, म्हणून सेल रिकामा झाल्यासारखा वाटतो. थोडी विश्रांती दिली की आतली विषमता मिटते आणि व्होल्टेज वर चढतं. बंद पडलेलं उपकरण अर्ध्या तासाने पुन्हा दोन मिनिटं चालतं, त्याचं कारण हे.

हे डोळ्यांनी बघता येतं. पंपाचा पॅक ९.६० व्होल्टला थांबताच मी भार काढला आणि मल्टिमीटर लावूनच ठेवला. आकडा क्षणात १०.९५ वर गेला. मग त्याची चाल अगदी मंद झाली: ११.०, ११.०५, ११.१, आणि अर्ध्या तासाने ११.१६ वर स्थिरावला. पहिली उडी रोधाची, नंतरचा संथ चढ आयनांचा. ११.१६ म्हणजे सेलमागे ३.७२ व्होल्ट. रिकाम्या पॅकचा हा आकडा नव्हे.

दोन टप्प्यांची चाचणी

सेल खरोखर कमी क्षमतेचा आहे की क्षमता आहे पण बाहेर येत नाही, हे ठरवायला मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही चाचणी. यासाठी करंट स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक लोड लागतो. तो नसेल तर योग्य वॅटचा रेझिस्टर, मल्टिमीटर आणि घड्याळ यांवरही काम भागतं, फक्त व्होल्टेज उतरेल तसा करंट कमी होत जातो, म्हणून नोंदी मधूनमधून घ्याव्या लागतात.

पॅक पूर्ण चार्ज करा, इथे १२.६ व्होल्ट, आणि तासभर तसाच ठेवा. मग उपकरण जेवढा करंट घेतं तेवढाच लावा आणि उपकरणाच्या कटऑफपर्यंत डिस्चार्ज करा. आलेला आकडा लिहून ठेवा. मग मध्ये चार्ज न करता तासभर विश्रांती द्या. आता ०.२सी लावून डेटाशीटमध्ये दिलेल्या शेवटच्या व्होल्टेजच्या जरा वरपर्यंत उरलेलं काढून घ्या. दोन्ही आकड्यांची बेरीज करा.

पंपाच्या पॅकमध्ये पहिल्या टप्प्यात, ५ ॲम्पिअरला ९.६ व्होल्टपर्यंत, १४८० एमएएच आले. तासाभराने अर्ध्या ॲम्पिअरला ९.० व्होल्टपर्यंत आणखी ९६० एमएएच निघाले. बेरीज २४४०. सरळ अर्ध्या ॲम्पिअरला त्याच ९.० व्होल्टपर्यंत मोजलेली क्षमता २५१० होती. फरक जेमतेम तीन टक्के. म्हणजे सेलमध्ये माल पूर्ण आहे, वाट अरुंद आहे. सेल बदलून तेच सेल पुन्हा टाकले असते तर मालकाच्या हाती काही लागलं नसतं.

बेरीजच कमी भरली असती, समजा १९०० च्या आत, तर निष्कर्ष उलटा झाला असता. तेव्हा सेल म्हातारे झालेले असतात, किंवा लेबल खोटं असतं, किंवा सेलमधला समतोल बिघडलेला असतो. हे तिसरं कारण आधी तपासा, कारण ते दुरुस्त होतं. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं मोजा. एक ३.० वर आणि बाकीचे ३.४ वर असतील तर त्या एकाने सगळ्यांना थांबवलं आहे. पॅक बॅलन्स चार्ज करून चाचणी पुन्हा घ्या. त्यानंतरही तोच सेल मागे पडत असेल तर मात्र तो सेल गेला.

दुसऱ्या टप्प्यात पॅकच्या एकूण व्होल्टेजवर विसंबू नका. सगळ्यात खालच्या सेलवर नजर ठेवा आणि कुठलाही एक सेल डेटाशीटच्या मर्यादेला टेकला की थांबा. तीन सेलची बेरीज ठीक दिसत असताना एखादा २.५ च्या खाली गेलेला असू शकतो, आणि तिथे त्याचं कायमचं नुकसान होतं.

वाट नेमकी कुठे अरुंद आहे

क्षमता अडकते आहे हे कळल्यावर रोध कुठे आहे ते शोधायचं. पॅक साधारण अर्धा चार्ज असताना आधी अर्धा ॲम्पिअर लावा आणि व्होल्टेज लिहा, मग दहा सेकंदांसाठी ५ ॲम्पिअर लावा आणि पुन्हा लिहा. व्होल्टेजमधला फरक भागिले करंटमधला फरक म्हणजे रोध.

```
R = (V1 - V2) / (I2 - I1)
R = (11.19 - 9.84) / (5.0 - 0.5) = 0.30 ohm
```

पूर्ण पॅकचा रोध ३०० मिलिओहम निघाला. हीच चाचणी बॅलन्स वायरवर प्रोब ठेवून प्रत्येक सेलसाठी घेतली. पहिल्या सेलवर ०.३३ व्होल्टची घट, दुसऱ्यावर ०.३४, तिसऱ्यावर ०.४१. म्हणजे अनुक्रमे ७३, ७६ आणि ९१ मिलिओहम. या प्रकारच्या, जास्त क्षमतेसाठी बनवलेल्या सेलला हे काही वाईट नाही. तिसरा थोडा मागे आहे, तेवढंच.

पण तिघांची बेरीज १.०८ व्होल्ट होते आणि पॅकवर तर १.३५ ची घट होती. उरलेले ०.२७ व्होल्ट सेलच्या बाहेर पडत होते. प्रोब एकेक जागा पुढे सरकवत गेलो. निकेलच्या पट्ट्यांवर नगण्य, सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएस सर्किटच्या मॉसफेटवर थोडं, आणि पॅकमधून बाहेर येणाऱ्या कनेक्टरच्या एकाच पिनवर ०.१८ व्होल्ट. ४० मिलिओहम, म्हणजे अर्ध्या सेलइतका रोध एका पिनमध्ये. ५ ॲम्पिअर दोन मिनिटं चालू ठेवून बोट लावलं तर आजूबाजूच्या सगळ्या पिना कोमट आणि ही एक चटका देणारी. पाचाचा वर्ग गुणिले ०.०४, म्हणजे एक वॅट उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. पिन वायरवर दाबून बसवलेला क्रिंप कापून पाहिला तर वायरच्या निम्म्या तारा पिनच्या पकडीबाहेर होत्या.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. डेटाशीटमध्ये दिलेला अंतर्गत रोध बऱ्याचदा एक किलोहर्ट्झच्या एसी सिग्नलने मोजलेला असतो. त्यात फक्त धातू आणि इलेक्ट्रोलाइटचा भाग येतो, आयनांची संथ हालचाल येत नाही. त्यामुळे डेटाशीटमध्ये ४० लिहिलेल्या सेलचा डीसी रोध ७५ निघू शकतो, आणि पंपाला सोसावा लागतो तो हा दुसरा. दुसरी फसगत स्प्रिंगच्या होल्डरची. सुटा सेल होल्डरमध्ये ठेवून मोठा करंट लावला तर स्प्रिंग आणि संपर्काचा रोधच कित्येक मिलिओहम भर घालतो आणि चांगला सेल नापास होतो. करंट नेणाऱ्या वायर वेगळ्या आणि व्होल्टेज मोजणाऱ्या वायर थेट सेलच्या टोकांवर, अशी चार वायरची जोडणी केल्याशिवाय मोठ्या करंटच्या चाचणीवर मी निर्णय देत नाही.

तापमानाचंही भान ठेवा. शून्य अंशांच्या जवळ सेलचा रोध दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो, त्यामुळे गार खोलीत मोजलेला धडधाकट पॅक म्हाताऱ्या पॅकसारखा वागतो. आज मोजलेल्या आणि सहा महिन्यांपूर्वी मोजलेल्या आकड्यांची तुलना करायची तर दोन्ही वेळचं तापमान वहीत हवं.

काय बदललं आणि किती फरक पडला

आधी फक्त क्रिंप नवा केला. पॅकचा रोध ३०० वरून २६० मिलिओहमवर आला. ५ ॲम्पिअरला घट ०.२ व्होल्टनी कमी झाली, सेलमागे सातशतांश व्होल्टही नाही. एवढ्यावर ९.६ व्होल्टपर्यंतचा आकडा १४८० वरून १७८० एमएएच झाला. साडेतीन मिनिटं जास्त. इतक्या लहान सुधारणेने इतका फरक का पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. ३.७ व्होल्टच्या आसपास सेलचा आलेख बराच सपाट असतो. सपाट भागात व्होल्टेज जरासं उतरायलाही बराच चार्ज खर्ची पडतो, म्हणून कटऑफची रेषा त्या भागात आली की प्रत्येक शतांश व्होल्टला कित्येक एमएएच टांगलेले असतात. आलेखाच्या शेवटी, जिथे तो कड्यासारखा खाली जातो, तिथे शतांश व्होल्टने काहीच बिघडत नाही.

मग कटऑफ. कंट्रोलरचा कटऑफ ९.६ वरून ९.० करता येत होता. सेलची मर्यादा २.७५ व्होल्ट असताना भारासह ३.० ला थांबणं सुरक्षित आहे, आणि भार काढल्यावर सेल वर येणारच असतो. तरीही हे करण्यापूर्वी बीएमएस प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवते याची खात्री करून घ्या. पॅकचे ९.० म्हणजे तिन्ही सेल ३.० वर आहेत असं नसतं. ९१ मिलिओहमचा सेल ५ ॲम्पिअरला बाकीच्यांपेक्षा जवळपास ०.०८ व्होल्टने खाली असतो, आणि शेवटच्या उतारावर हा फरक झपाट्याने वाढतो. बीएमएस नसलेल्या पॅकमध्ये मी कटऑफला हात लावत नाही.

मालकाला मात्र पाऊण तास हवा होता, आणि तो कटऑफ खाली आणून मिळणार नव्हता. २६०० एमएएचला पाऊण तासात अख्खी क्षमता दिली तरी साडेतीन ॲम्पिअरच मिळतात. म्हणून समांतर सेल वाढवले आणि पॅक ३एस२पी केला. आता प्रत्येक सेलवर अडीच ॲम्पिअर, म्हणजे जेमतेम १सी. सेलच्या बाजूचा रोधही निम्मा झाला. कटऑफ ९.६ लाच ठेवून मोजलं तर ४५४० एमएएच आले, चोपन्न मिनिटं. सेल दुप्पट केले आणि वेळ अडीचपटीहून जास्त मिळाला. वरचं जास्तीचं जे मिळालं ते नवीन सेलमधून आलं नाही, ते आधीच्या सेलमध्ये अडकून पडलेलं होतं.

पॅकमध्ये जागाच नसेल तर दुसरा रस्ता आहे: कमी क्षमतेचा, पण जास्त करंटसाठी बनवलेला सेल. अशा १८६५० सेलचा डीसी रोध २० ते ३० मिलिओहमच्या घरात असतो. लेबलवर २५०० लिहिलेलं बघून लोक ३४०० चा सेल उचलतात, आणि मोठ्या भारावर २५०० वालाच जास्त वेळ चालतो. कुठला घ्यायचा ते ठरवताना डेटाशीटमधला डिस्चार्जचा आलेख बघा. त्यात वेगवेगळ्या करंटच्या रेषा दिलेल्या असतात. आपल्या करंटची रेषा आपल्या कटऑफच्या आडव्या रेषेला जिथे छेदते, तिथून खाली आलात की तुमची खरी क्षमता. लेबलवरचा आकडा त्या आलेखातला फक्त एक बिंदू आहे.

भार जर मोटरऐवजी इन्व्हर्टर किंवा बूस्ट कन्व्हर्टर असेल तर हिशोब आणखी कडक ठेवा. ते ठरावीक वॅट मागतात, त्यामुळे पॅकचं व्होल्टेज उतरलं की करंट वाढवतात. ५० वॅटला १२ व्होल्टवर ४.२ ॲम्पिअर लागतात, ९.८ वर ५.१. म्हणजे पॅक जिथे सगळ्यात दुबळा, नेमका तिथे सी-रेट सगळ्यात जास्त. सरासरी करंट धरू नका, शेवटचा धरा.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलना हा त्रास कमी जाणवतो. त्यांचा आलेख फार सपाट असतो आणि कटऑफ साधारण २.५ व्होल्टला, सपाट भागापासून बराच खाली. पण त्याच सेलना कुणी ३.० व्होल्टचा कटऑफ लावला तर तेही अर्ध्यातच थांबतात, हे मी पाहिलं आहे.

लेड-ॲसिडमध्ये हेच, पण जास्त जोरात

लिथियमवरून शिकलेली बेरीज-वजाबाकी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीला जशीच्या तशी लावू नका. १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तास लिहिलेल्या बॅटरीचा तो ७ हा आकडा सहसा वीस तासांच्या डिस्चार्जचा असतो: ०.३५ ॲम्पिअरने, १०.५ व्होल्टपर्यंत. म्हणजे लेबल ०.०५सी चं. तिच्यातून ७ ॲम्पिअर ओढले तर तास मिळत नाही.

इथली अडचण आम्लाची आहे. लेड-ॲसिडमध्ये सल्फ्युरिक आम्ल स्वतःच रासायनिक क्रियेत खर्ची पडतं. करंट मोठा असला की प्लेटच्या छिद्रांमधलं आम्ल पातळ होतं आणि बाहेरचं आम्ल आत पोचायला वेळ लागतो. शिवाय तयार होणारं लेड सल्फेट वरच्या थरावर आधी जमतं आणि आतला भाग झाकून टाकतं. परिणामी प्लेटचा गाभा वापरलाच जात नाही.

याचा अंदाज घ्यायला १८९७ साली पॉइकर्टने मांडलेलं सूत्र अजून वापरतात. H म्हणजे लेबल किती तासांचं आहे, C क्षमता, I तुमचा करंट, आणि k त्या बॅटरीचा घातांक. आम्ल काचेच्या तंतूंत शोषून ठेवणाऱ्या एजीएम प्रकारात k साधारण १.०५ ते १.१५ असतो, सुट्या आम्लाच्या बॅटरीत तो १.२ च्या वर जातो आणि वयानुसार वाढतो.

```
t = H * (C / (I * H))^k
t = 20 * (7 / (7 * 20))^1.15 = 0.64 h
```

०.६४ तास म्हणजे ३८ मिनिटं, आणि क्षमता साडेचार ॲम्पिअर-तासांच्या आसपास. लेबलवरच्या ७ पैकी एवढेच. हे सूत्र स्थिर करंट आणि स्थिर तापमान धरून चालतं, त्यामुळे बदलत्या भाराला ते कच्चा अंदाजच देतं. लिथियम-आयनला ते लावण्यात मला अर्थ दिसत नाही. तिथे मोठ्या करंटने सेल तापतो, तापल्यावर रोध कमी होतो आणि सूत्र चुकतं. तिथे डेटाशीटचा आलेखच बरा.

दोन टप्प्यांची चाचणी लेड-ॲसिडवरही चालते आणि अडकलेली क्षमता विश्रांतीनंतर तिथेही बाहेर येते. फरक एवढाच की दुसरा टप्पा संपताच बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची. रिकामी पडून राहिली तर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, आणि चाचणीपूर्वी असलेली क्षमता चाचणीमुळेच जाते.

पंपाचा पॅक तीन महिन्यांनी पुन्हा माझ्याकडे तपासायला आला होता. ५ ॲम्पिअर, ९.६ व्होल्ट, तापमान २६ अंश: ४४९० एमएएच. नव्या क्रिंपवर चार ठिकाणी प्रोब लावून पाहिला, घट ०.०१ व्होल्टच्या आत. तिसरा सेल आणि त्याच्या समांतर जोडलेला नवा सेल यांच्या जोडीवर अजूनही बाकीच्यांपेक्षा जरा जास्त घट पडते. तो आकडा तारखेसह पॅकच्या आवरणावर लिहून ठेवला आहे, म्हणजे पुढच्या वेळी कुठून बघायला सुरुवात करायची ते शोधावं लागणार नाही.